पत्र्यावरचा पाऊस आणि आजीचा ‘स’

“ढग येतस नि जातस, पानी पडत नही.” आजी हे वाक्य म्हणते आणि तिच्या डोक्यावरचा पत्रा लग्नातल्या ताशासारखा कडकडतोय. आवाज साफ करायला माझ्याकडे आलेल्या पहिल्याच फाइलीत हे ऐकलं आणि मी हेडफोन काढून दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, म्हणून तर तुमच्याकडे पाठवलंय.”

लघुपट अहिराणीतला, अठरा मिनिटांचा. गोष्ट अशी की मृग कोरडा गेला आहे, पेरलेलं वाळून चाललंय आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याचे पैसे कुठून आणायचे यावरून आजी आणि नातू घरात बोलत बसलेत. चित्रीकरण शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, जूनच्या अखेरीस. दोन दिवस कडक ऊन मिळालं. तिसऱ्या दिवशी नेमका हाच प्रसंग लावला आणि दुपारी पाऊस आला. आजीचं काम करणाऱ्या बाई गावातल्याच, वय सत्तरीच्या पुढे, दुसऱ्या दिवशी त्यांना लेकीकडे जायचं होतं. म्हणून पावसातच टेक घेतले. प्रत्येक शॉटचे तीन-तीन टेक, मिळून प्रसंग पावणेचार मिनिटांचा, त्यात एकेचाळीस वाक्यं.

पाऊस प्रसंगात चालला असता तर हे काम अर्ध्या दिवसाचं होतं. पाऊस थोडा खाली आणायचा, वर एकसारख्या पावसाचा स्वच्छ आवाज अंथरायचा, प्रेक्षकाला शंकाही येत नाही. इथे ती वाटच बंद होती. दुष्काळाच्या प्रसंगात पाऊस ऐकू आला तर गोष्टच संपली.

अजून एक हळहळ सांगून टाकते. त्याच घराची पुढची खोली धाब्याची होती. मातीचा तो जाड थर थेंबाचा मार पिऊन टाकतो, वर धो धो पडलं तरी खाली बोलणं नीट ऐकू येतं. पण त्या खोलीत उजेड नव्हता, म्हणून कॅमेरा मागच्या पत्र्याच्या खोलीत गेला. पत्र्यावर भिजवलेली गोणपाटं अंथरली असती तरी निम्मा त्रास कमी झाला असता. थेंब पत्र्यावर आपटण्याऐवजी तागात मुरतो. जागा बघायला जाताना ध्वनिमुद्रण करणाऱ्याला बरोबर नेलं नाही की हे असं होतं.

आधी माइक निवडला

प्रत्येक वाक्याचे माझ्याकडे दोन आवाज होते. एक बूमचा, म्हणजे काठीला लावून डोक्यावरून धरलेल्या लांब माइकचा, आणि एक आजीच्या पदराआड लावलेल्या छोट्या कॉलर माइकचा. दिग्दर्शकाला बूमचा आवाज आवडला होता, कारण तो मोकळा आणि नैसर्गिक वाटतो. एरवी मीही तोच घेतला असता.

पण पत्र्याखालच्या पावसाची गोष्ट वेगळी आहे. तो एका दिशेने येत नाही. सगळं छप्परच वाजतं, भिंतींवरून परततं, आणि खोलीत कुठेही कान ठेवला तरी साधारण तेवढंच ऐकू येतं. बूम एका बाजूचं ऐकतो म्हणून घेतात, पण आवाज सगळीकडूनच येत असेल तर त्या गुणाचा उपयोग उरत नाही. त्यातून लहान खोलीत काठी वर धरली की तो माइक पत्र्याच्याच जवळ जातो. मग हातात एकच गोष्ट उरते, तोंडापासूनचं अंतर. बूम आजीच्या तोंडापासून सुमारे दोन फुटांवर होता, कॉलर माइक वीतभर. अंतर तिपटीने कमी झालं की थेट आवाज जवळजवळ साडेनऊ डेसिबलने वाढतो आणि पाऊस मात्र आहे तेवढाच राहतो. एवढा फायदा कुठलंही सॉफ्टवेअर फुकट देत नाही.

मोजून पाहिलं तेव्हा कॉलर माइकवर आजीचा आवाज पावसापेक्षा सरासरी चौदा डेसिबल वर होता, बूमवर जेमतेम पाच. माझा अनुभव असा की दहाच्या वर असेल तर वाक्य माणसासारखं ठेवून साफ करता येतं, सात-आठच्या खाली गेलं की अक्षरं हरवू लागतात. म्हणून पूर्ण प्रसंग कॉलर माइकवर नेला आणि बूम बंद केला. दोन्ही थोडे थोडे मिसळायचा मोह होतो, तो टाळायचा. पाऊस दोन्हीकडून येतो, आणि तोच आवाज दोन माइकवर किंचित मागेपुढे पोचल्यामुळे बोलणं डब्यात बोलल्यासारखं होतं. पदराच्या घासण्याचा आवाज मात्र कॉलर माइकवर होताच. तो चार-पाच ठिकाणी हाताने काढावा लागला.

पहिला प्रयत्न, जो फसला

पहिल्या रात्री मी आळशीपणा केला. दोन वाक्यांमधल्या शांत जागेतला दीड सेकंद पाऊस निवडला, आरएक्स या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरमधल्या `Spectral De-noise`ला तो शिकवला आणि वीस डेसिबलची कपात लावून पूर्ण प्रसंग त्यातून काढला. लॅपटॉपच्या स्पीकरवर जादू वाटली. पाऊस गायब! दिग्दर्शकाला नमुना पाठवला, तोही खूश.

सकाळी आई स्वयंपाकघरात होती आणि मी तोच प्रसंग मोठ्या स्पीकरवर लावला. आई अमळनेरकडची, घरात आजही अहिराणीच बोलते. दोन मिनिटं ऐकून ती बाहेर आली आणि म्हणाली, “हाई बाई आपनाकडनी नही वाटत.”

मी हेडफोन लावून बसले आणि तिचं म्हणणं कळलं. आजी म्हणत होती, “ढग येत नि जात.” मूळ वाक्यात होतं “येतस नि जातस”. दोन्ही ‘स’ उडाले होते. पुढे नातू विचारतो “काय करस?” तिथे राहिलं होतं “काय कर”, म्हणजे प्रश्नाची आज्ञा झाली. “पैसा नही शे” मधला ‘शे’ तर नुसता ‘ए’ ऐकू येत होता. अहिराणीत वर्तमानकाळ त्या शेवटच्या ‘स’वर उभा असतो आणि ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. तेवढे दोन ध्वनी गेले की बोली जाते आणि अर्थही जातो.

असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण उपायही तिथेच आहे. ‘स’ आणि ‘श’ म्हणजे स्वर नव्हेत, तो जिभेजवळून सुटणारा वाऱ्याचा फुसकारा. त्याला सूर नसतो. त्याचा जोर चार हजार ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांचा आवाजही असाच, हजारो टिचक्यांचा मिळून झालेला फुसकारा, आणि तो त्याच पट्ट्यात भरपूर असतो. पावसाचा नमुना शिकलेलं सॉफ्टवेअर ‘स’ पाहून म्हणतं, हा पण पाऊसच. त्यात आजींना दात कमी, त्यामुळे त्यांचा ‘स’ मुळातच मऊ आणि जरा खालच्या पट्ट्यात. पावसाच्या वर डोकं काढायलाच त्याला जागा नव्हती.

दुसरा दोष मला रात्री ऐकू आला नव्हता, सकाळी आला. वाक्याच्या मागे बारीक किणकिण, पाण्याखाली घुंगरू वाजावेत तशी. जोरात कपात केली की सॉफ्टवेअर ज्या पातळीखालचं कापतं त्या उंबरठ्याच्या पावसाचे जे कण थोडे वर राहतात ते एकेकटे चमकतात, त्यांचा हा आवाज. वर पाऊस तीन मिनिटांत दोनदा वाढला आणि एकदा ओसरला होता. मी शिकवलेला नमुना ओसरत्या पावसाचा. त्यामुळे जोराच्या सरीत तो कमी पडला आणि हलक्या सरीत बोलणंच खाऊ लागला.

तेव्हा सगळं परत पहिल्यापासून.

टपटप आणि सरसर वेगळे

नीट ऐकलं तर पत्र्यावर दोन आवाज होते. एक पावसाची एकसंध सरसर. दुसरी मोठ्या थेंबांची सुटी टपटप. अंगणातल्या निंबाची एक फांदी पत्र्यावर आलेली होती, आणि पाऊस मंदावला तरी तिच्या पानांवरून जड थेंब पत्र्यावर पडत होते. ही टपटप आधी काढायला हवी. सरसर आधी कमी केली तर टपटप उघडी पडते, आणि पार्श्वभूमी शांत झाल्यामुळे ती आधीपेक्षा जास्त टोचते. शिवाय नमुना शिकवताना त्यात एखादा टप आला की शिकणंच बिघडतं.

आवाजाचं वर्णपटाचं चित्र पडद्यावर दिसतं, त्यात आडवी वेळ आणि उभे हर्ट्झ असतात. टप म्हणजे त्या चित्रात वरपासून खालपर्यंत गेलेली बारीक उभी रेघ, आणि तिच्या पायथ्याशी काही शे हर्ट्झला छोटीशी शेपटी. रेघ थेंबाच्या आघाताची, शेपटी पत्रा घुमतो त्याची. दोन शब्दांच्या मधल्या रेघा `De-click`ने आपोआप काढल्या. शब्दाच्या आत मात्र तसं करता येत नाही. ‘ट’, ‘प’, ‘क’ या अक्षरांची सुरुवातही चित्रात तशीच उभी रेघ असते, आणि ते साधन दोघांत फरक करत नाही. ओळखायचं कसं? `Output clicks only` हे बटण दाबलं की फक्त काढून टाकलेला माल ऐकू येतो. त्यात नुसती टपटप असेल तर ठीक. त्यात “पैसा”तला ‘प’ ऐकू आला की संवेदनशीलता कमी करायची. शब्दांच्या आतले टप मी एकेक निवडून `Spectral Repair`ने आजूबाजूच्या पातळीला आणले. शेपटी वेगळी निवडावी लागते. ती राहिली की टप गेल्यावरही डब्यावर बोट मारल्यासारखा ‘ढुप्’ उरतो. या कामाला दीड दिवस गेला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं याहून काही नाही.

सरसर थोडी थोडी

आता एकसंध पाऊस. पावणेचार मिनिटांची पट्टी मी पावसाच्या जोरावरून सहा तुकड्यांत कापली आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्याच शेजारचा नमुना शिकवला. नमुना निवडताना श्वास नको, बांगडी नको, बाकाची करकर नको. कुठे शांत जागा अर्धा सेकंदच मिळाली तर त्याच शॉटच्या दुसऱ्या टेकमधून तेवढ्याच जोराचा पाऊस शोधला.

कपात एकदम वीस न करता आधी सहा डेसिबल, मग त्या निकालावर नवा नमुना शिकवून आणखी चार. एकदाच दहा केली असती तर किणकिण आली असती, दोन वेळा हलक्या हाताने केल्यावर ती ऐकू आली नाही. आणि कपात सगळीकडे सारखी ठेवली नाही. चार हजार हर्ट्झच्या वर ती निम्म्यावर आणली. म्हणजे वरचा फुसकारा मुद्दाम थोडा राहू दिला, ‘स’ला श्वास घ्यायला. ज्यांच्याकडे पट्ट्यागणिक कपात अशी बदलायची सोय नाही त्यांनी आवाजाचे वरचा-खालचा असे दोन भाग करून दोन्हींना वेगळी कपात लावावी, परिणाम जवळपास तोच.

तरीही जवळजवळ दोन डझन ठिकाणी ‘स’ आणि ‘श’ दुबळे राहिले. तिथे मी शिवणकाम केलं. “येतस” हा शब्द घ्या. साफ केलेल्या पट्टीत “येत” छान, मग ‘स’ विरून गेलेला. मी मूळ, न साफ केलेल्या पट्टीतून फक्त तो ‘स’ कापला, सुमारे नव्वद मिलिसेकंदांचा, आणि साफ पट्टीत त्याच जागी बसवला. दोन्ही कडांना दहा-दहा मिलिसेकंदांचा उतार दिला. त्या तुकड्यात पाऊस आहेच. पण ‘स’ चालू असताना तो ऐकू येत नाही, कारण ‘स’ स्वतःच त्याच पट्ट्यातला मोठा फुसकारा आहे आणि पावसाला झाकून टाकतो. फसगत होते ती शेवटाला. ‘स’ संपला आणि मूळ तुकडा अजून तीस मिलिसेकंद चालू राहिला तर शब्दामागे पावसाचा एक छोटा ‘फस्स’ उघडा पडतो. म्हणून उतार ‘स’ संपण्याच्या आतच सुरू करायचा. कान नव्हे, डोळे इथे जास्त कामाला येतात. चित्रात ‘स’चा ढग कुठे विरतो ते दिसतं.

काही वाक्यं वाचवण्याची सोपी वाटही मिळाली. नऊ वाक्यांमध्ये आजीचा चेहरा पाठमोरा किंवा लांबून होता. तिथे ओठ दिसत नव्हते, म्हणून ज्या टेकमध्ये पाऊस हलका होता त्यातलं तेच वाक्य आणून बसवलं. साफ करण्याआधी हे शोधायला हवं होतं, मी नंतर शोधलं. दोन तास वाया गेले.

कूलर

इतकं करूनही पाऊस मेला नव्हता. दहा डेसिबलने खाली गेला होता, आणि ज्याला माहीत आहे त्याला तो बोलण्यामागे पुसटसा ऐकू येत होता. मोठी अडचण अशी की तो फक्त बोलण्यामागे येत-जात होता. इथून पुढे आणखी खरडलं तर आजी परत पुण्याची झाली असती. उरलेला पाऊस झाकायचा कशाने?

मी फ्रेम पुन्हा पाहिली. खिडकीत कूलर होता. खानदेशात मे-जूनमध्ये कूलर नसलेलं घर शोधावं लागेल. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो बंद करायला लावला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. पण कूलरची घरघर म्हणजेही पसरट फुसकारा, आणि दुष्काळातल्या जूनमध्ये तो चालू असणं गोष्टीला धरूनच होतं. जाळीमागचं पातं कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. दिग्दर्शकाला विचारलं, तो आधी कुरकुरला की गावात पाणी नाही मग कूलर कसा, मग स्वतःच म्हणाला, कोरडाच चालवत असतील, गरम वारा तर गरम वारा.

त्याला पुन्हा त्या गावी जायचंच होतं. त्याने त्याच खोलीत तोच कूलर पाण्याची मोटर न लावता चालवला आणि आजी बसली होती तिथे माइक ठेवून दहा मिनिटं आवाज घेतला. मोटर लावली असती तर गवताच्या पडद्यावरून पाणी ठिबकण्याचा आवाज आला असता, आणि मग एवढा खटाटोप करून पावसाचं काय केलं! हा कूलर प्रसंगाच्या पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत न तोडता अंथरला. पातळी उरलेल्या पावसाच्या पाच-सहा डेसिबल वर ठेवली. त्याहून कमी ठेवला की पाऊस डोकावतो, जास्त ठेवला की आजीचे मऊ ‘स’ पुन्हा बुडतात. प्रसंग सुरू होण्याआधी अर्धा सेकंद अंगणाचा शॉट आहे, तिथूनच दाराआडचा कूलर हलकासा चालू केला, म्हणजे आत आल्यावर तो अचानक आल्यासारखा वाटत नाही.

जे वाचलं नाही

पाच वाक्यं वाचली नाहीत. मधल्या मोठ्या सरीत कॉलर माइकवरही आवाज पावसाच्या सातच डेसिबल वर होता. तिथे काही केलं तरी शब्दांचा गाळ होत होता. आजींना स्टुडिओत आणून पडद्याकडे बघत ओठांवर बोलायला लावणं शक्य नव्हतं. कूलर घ्यायला गेलेल्या दिवशी दिग्दर्शकाने त्यांना त्याच बाकावर बसवलं, तोच माइक तिथेच लावला आणि प्रत्येक वाक्य मोबाइलवर ऐकवून लगेच तसंच म्हणायला सांगितलं. पडदा नाही, ओठ नाहीत, नुसती कानाने नक्कल. बोलताना कूलर बंद. आजींनी प्रत्येक वाक्य चार-पाच वेळा म्हटलं, आणि एकदा चिडून म्हणाल्या, “कितला सावा म्हनाडतस?” तो तुकडा मी जपून ठेवलाय. त्यातली चार वाक्यं शब्दाशब्दाला कापून मूळ ओठांवर बसली. पाचवं बसेना, तिथे कॅमेरा नातवाच्या चेहऱ्यावर नेला.

शेवटची तपासणी तीन ठिकाणी केली. हेडफोनवर किणकिण शोधली, मोबाइलच्या स्पीकरवर शब्द कळतात का पाहिलं, आणि गावात दाखवणार म्हणून मंडपवाल्याच्या मोठ्या बॉक्सवर एकदा लावून पाहिलं. बॉक्सवर नवंच निघालं. पत्र्याची खालची घुमघुम माझ्या छोट्या स्पीकरवर कधी ऐकूच आली नव्हती. आजीच्या पट्टीला एकशेवीस हर्ट्झच्या खाली आणि नातवाच्या पट्टीला नव्वदच्या खाली कात्री लावली, मग ती गेली.

आईला पुन्हा ऐकवलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “आते बरं बोलस.”

एक टप राहिला आहे. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास, “पैसा नही शे” नंतरच्या शांततेत. मी तो काढायला घेतला होता. दिग्दर्शक शेजारी बसला होता, त्याने हात धरला. जूनमध्ये निंबोळ्या पिकतात, वाऱ्याने पत्र्यावर पडतात. “राहू द्या ताई,” तो म्हणाला, “निंबोळी पडली.”